टाकी बदलली की वायसर बदलतो

सिलिंडर घरी येतो तेव्हा त्याची तपासणी बहुतेक घरांत दोन गोष्टींवर उरकते. एक, सील आहे ना? दोन, उचलून पाहिल्यावर जड लागतो ना? मोबाइलवर आलेला कोड सांगायचा, पैसे द्यायचे, टाकी दाराशेजारच्या कोपऱ्यात उभी करायची. मग आठ-दहा दिवसांनी, नेमका कुकर लावलेला असताना, जुनी टाकी संपते. घरातला कुणीतरी घाईने टोपी काढतो, रेग्युलेटर बसवतो, ‘झालं’ म्हणतो आणि लगेच लायटर दाबला जातो. खरी तपासणी व्हायला हवी ती टोपी काढणं आणि लायटर दाबणं यांच्या मधल्या पाच मिनिटांत. नेमकी तीच पाच मिनिटं भुकेच्या वेळी कुणाकडे नसतात.

‘मागच्या महिन्यात तर सगळं ठीक होतं’ हे उत्तर इथे चालत नाही. शेगडी तीच असते, नळी तीच असते, रेग्युलेटरही वर्षानुवर्षं तोच असतो. पण टाकी दर महिना-दीड महिन्याने बदलते आणि तिच्याबरोबर तिच्या तोंडावरचा व्हॉल्व्ह बदलतो. त्या व्हॉल्व्हच्या आत रबराची एक छोटी काळी कडी बसवलेली असते. मेकॅनिक तिला ओ-रिंग म्हणतात, बाकी सगळे वायसर. म्हणजे दर खेपेला घरातला सगळ्यांत नाजूक सांधा कोरा करकरीत आणि अनोळखी असतो. तो आधी कुणाच्या घरात होता, त्यावर किती रेग्युलेटर दाबले गेले आणि निघाले, कुणी त्यात किल्ली किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून ‘गॅस आहे का’ ते पाहिलं, याचा पत्ता नसतो. भरणा केंद्रात व्हॉल्व्ह आणि वायसर दोन्ही तपासले जातात. पण तिथून ट्रक, गोदाम, टेम्पो आणि जिना असा प्रवास करून टाकी ओट्याखाली पोचते.

या वायसरचं काम नीट कळलं, तर बाकीच्या तपासण्यांचा क्रम आपोआप लागतो.

टाकीत गॅस द्रवरूपात असतो आणि त्याच्यावरच्या वाफेचा दाब हवामानाप्रमाणे कमी-जास्त होतो. आपल्याकडच्या साधारण तापमानात तो चार ते आठ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपास धरायला हरकत नाही. शेगडीला मात्र फक्त ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर एवढाच दाब लागतो. मधला हा दाब उतरवण्याचं काम रेग्युलेटर करतो. पाच किलोचे ३० ग्रॅम, म्हणजे दीडशे पटींहून जास्त उतार. आता वायसर कुठे आहे ते पाहा. रेग्युलेटरची खालची नळकांडी व्हॉल्व्हच्या तोंडात शिरते आणि वायसर तिला चारही बाजूंनी आवळून धरतो. हा सांधा रेग्युलेटरच्या अलीकडचा आहे, टाकीच्या बाजूचा. त्यामुळे बटण चालू केल्याक्षणी टाकीचा अख्खा दाब या रबरी कडीवर येतो. नळीला बारीक चीर पडली तर गॅस ३० ग्रॅमच्या दाबाने हळूहळू झिरपतो. वायसर कापलेला असेल तर तो ‘सूंऽऽ’ असा आवाज करत सुटतो. दोन्ही ठिकाणी वास तोच येतो, पण बाहेर पडणाऱ्या गॅसच्या प्रमाणात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आता सीलकडे वळू. टाकीच्या तोंडावर प्लास्टिकची टोपी आणि तिच्यावर कंपनीच्या नावाचं सील असतं. ही टाकी भरणा केंद्रातून निघाल्यावर मधे कुणी उघडलेली नाही, एवढंच ते सील सांगतं. चोरीला आळा घालण्यासाठी ते आहे. आतला वायसर शाबूत असल्याची हमी सील देत नाही, हे ध्यानात ठेवलं पाहिजे. सील फाटकं, सैल किंवा पुन्हा चिकटवल्यासारखं दिसलं तर टाकी परत करावी. पण सील उत्तम असलेल्या टाकीचाही वायसर चिरलेला असू शकतो.

सील पाहताना दारातच आणखी दोन गोष्टी होतात. पहिली वजनाची. टाकीच्या वरच्या कड्याजवळ रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. समजा ते १५.८ किलो असेल, तर त्यात १४.२ किलो गॅस मिळवून भरलेली टाकी ३० किलो भरली पाहिजे. दीडशे ग्रॅम इकडेतिकडे चालतात. टाकी घेऊन येणाऱ्याकडे वजनकाटा असणं अपेक्षित आहे आणि ‘जरा काटा लावा’ असं म्हणण्यात संकोच करण्याचं कारण नाही. दुसरी गोष्ट कड्याला जोडलेल्या उभ्या पट्टीच्या आतल्या बाजूला रंगवलेल्या इंग्रजी अक्षराची आणि आकड्याची. ‘बी-२७’ असं लिहिलं असेल तर २०२७च्या एप्रिल ते जून या तिमाहीत टाकीची सक्तीची चाचणी करायची आहे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुष्कळ लोक याला गॅसची ‘एक्सपायरी’ समजतात. तसं नाही, ती पोलादी टाकीच्या दाबचाचणीची मुदत आहे. मुदत उलटून गेलेली टाकी दारात आली तर ती घेऊ नये.

आणि ती टोपी. नायलॉनच्या दोऱ्याने टाकीला बांधलेली ही टोपी कितीतरी घरांत दोरा कापून फेकली जाते, मुलं तिची भिंगरी करतात. खरं तर ती घरातलं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी सुरक्षा-साधन आहे. व्हॉल्व्ह गळत असेल तर त्याच्यावर टोपी दाबून बसवली की बहुतेक वेळा गळती थांबते. ती दोऱ्यासकट टाकीलाच लटकत राहिली पाहिजे, कारण लागेल तेव्हा ती शोधायला वेळ मिळत नाही.

टाकी लावण्याची वेळ आली की पहिलं काम टाकीशी नाही, घराशी असतं. शेगडी बंद. आपल्याकडे कितीतरी घरांत देवघर स्वयंपाकघरातच असतं आणि टाकी नेमकी दिवेलागणीला संपते. समईची किंवा निरांजनाची ज्योत चालू असताना चार फुटांवर टाकी बदलणं हा अगदी ओळखीचा प्रकार आहे. उदबत्तीसुद्धा त्यातच आली. देवाला सांगून दिवा पाच मिनिटं शांत करावा, खिडकी उघडावी, आणि मगच टोपीला हात लावावा.

टोपी काढल्यावर दोन क्षण थांबायचं. कान व्हॉल्व्हजवळ न्यायचा आणि ऐकायचं. काहीच ऐकू आलं नाही तर व्हॉल्व्हच्या तोंडात साबणाच्या पाण्याचे दोन-चार थेंब टाकायचे. बुडबुडे आले तर आतली पिन नीट बसलेली नाही, म्हणजे टाकी रेग्युलेटर न लावताच गळते आहे. टोपी परत दाबून बसवायची आणि एजन्सीला कळवायचं, ही टाकी वापरायची नाही. बुडबुडे नसतील तर पाणी टिपून घ्यायचं आणि आत डोकवायचं. उजेडात वायसर स्पष्ट दिसतो. तो खाचेत सगळीकडून सारखा बसलेला, काळा आणि गुळगुळीत असला पाहिजे. एका बाजूला वर आलेला, चेपलेला, तुटका दिसला किंवा खाच नुसतीच रिकामी दिसली, तर रेग्युलेटर लावूच नये. वायसर काढायला सेफ्टी पिन किंवा सुई घालणारे महाभाग असतात. त्याच सुईने मधली पिन दाबली गेली तर टाकीच्या पूर्ण दाबाचा गॅस थेट तोंडावर येतो. द्रवाचे थेंब उडाले तर कातडी गोठून भाजल्यासारखी जखम होते ती वेगळीच. वायसर बदलायचं काम एजन्सीच्या माणसाचं आहे.

वायसर ठीक दिसला की रेग्युलेटरचं बटण बंद आहे याची खात्री करायची. त्याच्या खालची प्लास्टिकची रिंग वर ओढून धरायची, रेग्युलेटर व्हॉल्व्हवर सरळ टेकवून किंचित डावी-उजवीकडे फिरवत खाली दाबायचा आणि रिंग सोडायची. ती ‘खट्’ करून खाली आली पाहिजे. नंतर रेग्युलेटर हळूच वर ओढून पाहायचा. तो निघता कामा नये.

आणि आता साबणाचं पाणी. अर्धी वाटी पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब घालून हलक्या हाताने ढवळायचं. फार घोटलं तर आधीच फेस होतो आणि गळतीचा बुडबुडा त्यात हरवतो. शेगडीची सगळी बटणं बंद ठेवून फक्त रेग्युलेटर चालू करायचा. मग जुन्या ब्रशने किंवा बोटाने ते पाणी एकेका सांध्यावर लावायचं. आधी रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह यांच्या मधली फट, मग रेग्युलेटरचं अंग, नंतर नळी रेग्युलेटरला जोडली आहे ती जागा, नळीची पूर्ण लांबी आणि शेवटी शेगडीकडचं टोक. प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस सेकंद थांबून पाहायचं. साबणाचा साधा फेस बसत जातो, लहान होत जातो. गळतीचा बुडबुडा मोठा होत जातो, फुटतो आणि त्याच जागी पुन्हा उगवतो. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की चूक होत नाही. काडी ओढून गळती शोधणारे अजून भेटतात. त्यांना गळती सापडतेही, कारण ती पेट घेते.

एक उदाहरण पायरी-पायरीने पाहू. संध्याकाळी नवी टाकी लावली. बटण बंद असताना सगळं शांत. बटण चालू केल्याबरोबर रेग्युलेटरच्या बुडातून सूं असा आवाज आणि वास. बटण बंद केलं, आवाज थांबला. एवढ्या माहितीवर बरंच कळतं. बटण बंद असताना टाकीची पिन वर असते आणि गॅस टाकीतच अडतो, म्हणजे पिन चांगली आहे. बटण चालू केलं की रेग्युलेटर पिन खाली दाबतो, गॅस वर येतो आणि वायसरपाशी निसटतो. दोष एकतर वायसरमध्ये किंवा वायसरमध्ये शिरणाऱ्या रेग्युलेटरच्या नळकांडीत. घरच्यांनी इथे थांबायचं. बटण बंदच ठेवायचं, रेग्युलेटर काढायचा, टोपी लावायची, फोन करायचा. येणारा मेकॅनिक काय करतो? तो वायसर पाहतो, नवा बसवतो. तरीही आवाज आला, तर दुसरा रेग्युलेटर लावून पाहतो. दुसऱ्या रेग्युलेटरने गळती थांबली तर घरच्या रेग्युलेटरच्या नळकांडीवर ओरखडा किंवा गंज आहे. असा रेग्युलेटर महिन्यागणिक एकेक नवा वायसर कापत राहतो, आणि घरचे मात्र दर वेळी ‘या वेळची टाकीच खराब’ म्हणून एजन्सीशी भांडत राहतात.

याउलट बटण बंद केल्यावरही आवाज चालूच राहिला, तर पिनच अडकली आहे. तेव्हा रेग्युलेटर काढून टोपी घट्ट दाबायची. टोपीने आवाज थांबला तर टाकी उचलून मोकळ्या हवेत, दिवे-शेगड्यांपासून लांब ठेवायची. टोपीनेही थांबला नाही तर माणसांना बाहेर काढणं हे पहिलं काम.

एवढी काळजी कशासाठी, याचं गणित छोट्या स्वयंपाकघरात चटकन समजतं. आठ बाय दहा फुटांची खोली घ्या. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. तो हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, म्हणून तो वर न जाता जमिनीलगत पसरतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण पावणेदोन-दोन टक्क्यांच्या वर गेलं की ठिणगीची वाट पाहणारं मिश्रण तयार होतं. समजा, गॅस या खोलीच्या तळाच्या एक फूट थरात साचला. त्या थरातली हवा साधारण सव्वादोन घनमीटर. तिच्या पावणेदोन टक्के म्हणजे चाळीस लिटर गॅस आणि त्याचं वजन शंभर ग्रॅमच्याही आत. शेगडीचा मोठा बर्नर तासाला साधारण साठ-सत्तर लिटर गॅस जाळतो. तोच न पेटवता उघडा राहिला तर पाऊण तासाच्या आत तेवढा गॅस जमिनीवर येतो. कापलेल्या वायसरला मात्र याहून कितीतरी कमी वेळ पुरतो. फ्रिजचं यंत्र आपोआप चालू-बंद होतं आणि त्याची ठिणगी याच थरात पडते.

राजस्थानात जोधपूर जिल्ह्यातल्या भुंगरा गावी ८ डिसेंबर २०२२ रोजी लग्नाच्या घरात, वरात निघण्याच्या तयारीत असताना, गळक्या सिलिंडरमुळे आग लागून स्फोट झाले. भाजलेल्यांपैकी तीसहून अधिक जणांचा जीव गेला. मंगलकार्याच्या घरात एकाच ठिकाणी बऱ्याच टाक्या ठेवलेल्या असतात आणि आचारी त्या झटपट बदलतात. तिथे वायसर कोण पाहतो?

गॅसला मुळात वास नसतो. आपल्याला येणारा तो सडक्या कोबीसारखा वास इथाइल मरकॅप्टनचा, मुद्दाम मिसळलेला. तो पुष्कळ आधी, धोक्याच्या प्रमाणाच्या कितीतरी खालीच जाणवतो. पण नाकाला सवय होते, सर्दीत वास कळत नाही, आणि वयस्कर माणसांचं नाक मंद झालेलं असतं. गळती ओळखणारं यंत्र बसवायचं असेल तर ते जमिनीपासून फूटभर उंचीवर बसवावं. मुंबई-पुण्यात पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असतो, त्याचं यंत्र छताजवळ लागतं. पाइपच्या गॅसवरून टाकीवर किंवा टाकीवरून पाइपवर आलेल्या घरात हे यंत्र जुन्याच जागी राहतं आणि निरुपयोगी ठरतं.

रेग्युलेटरबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण घरात त्याचं करण्यासारखं फारसं काही नसतं. तो कंपनीच्या मालकीचा असतो, आपण अनामत भरून वापरतो. आत एक रबरी पडदा आणि स्प्रिंग असते आणि अंगावर हवेसाठी एक बारीक छिद्र असतं. छिद्राशी बुडबुडे आले तर पडदा फाटला आहे असं समजावं. फोडणीच्या तेलाच्या चिकट्याने ते बुजलं तर दाब सांभाळण्याचं काम बिघडतं. ज्योत कमी-जास्त होणं, नेहमीपेक्षा उंच होणं, बटण ढिलं फिरणं, रिंग ‘खट्’ न करणं, पडल्यामुळे तडा जाणं ही सगळी रेग्युलेटर बदलण्याची कारणं. एजन्सीत जाऊन बदलून घ्यावा. बाजारात रस्त्यावर मिळणारा, भट्टीसाठीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर घरच्या शेगडीला लावणं म्हणजे शेगडी आणि नळी यांना त्यांच्या ताकदीबाहेरचं काम देणं. ज्योत मोठी येते म्हणून काही जण तो कौतुकाने लावतात. रेग्युलेटरला भरतकाम केलेलं झाकण घालण्याची हौसही सोडलेली बरी. त्याच्याखाली काय चाललं आहे ते दिसत नाही.

नळी मात्र पूर्णपणे आपली. तीच सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. सुरक्षा नळी म्हणून मिळणारी नारिंगी नळी घ्यावी. तिच्या रबरात पोलादी तारेचं जाळं असतं आणि अंगावर आयएसआयचं चिन्ह, आयएस ९५७३ हा क्रमांक आणि मुदत छापलेली असते. आयुष्य पाच वर्षं. लांबी सव्वा ते दीड मीटर, त्याहून जास्त नको. मुदत छापलेली असली तरी ती वाचायला नळी फिरवून पाहावी लागते, आणि तेच कुणी करत नाही. तेल कंपन्यांनी २०२३च्या शेवटापासून घरोघरी मोफत तपासणीची मोहीम हाती घेतली. त्यात १२ कोटींहून अधिक घरं पाहिली आणि साडेचार कोटींहून अधिक नळ्या सवलतीत बदलून दिल्या, असं सरकारने संसदेत सांगितलं आहे. म्हणजे ढोबळमानाने तीन घरांमागे एका घरापेक्षा जास्त ठिकाणी नळी बदलावी लागली. रेग्युलेटर आणि वायसर सोडाच, ओट्यावरून डोळ्यांसमोर लोंबणाऱ्या नळीची ही गत.

नळी तपासायला तिला हातात घ्यावं लागतं. टाकी बंद करून तिला थोडी थोडी वाकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. सरळ असताना न दिसणाऱ्या बारीक चिरा वाकवल्यावर उघड्या पडतात. दोन्ही टोकांजवळची बोटभर जागा सगळ्यांत आधी जाते. तिथे रबर ताणलेलं असतं आणि शेगडीकडच्या टोकाला वर्षानुवर्षं आच लागते, त्यामुळे ते कडक होतं. हाताला कडक, चिकट किंवा फुगीर लागणारी नळी बदलावी. ओढल्यावर सहज निघून येत असेल तरी बदलावी, टोक कापून पुन्हा खोचण्याचा उद्योग करू नये. तळघराच्या किंवा जुन्या चाळीच्या घरात उंदरांच्या दातांच्या खुणा पाहाव्यात. त्या ओट्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूलाच असतात. नळी भिंतीतून, ट्रॉलीच्या फळीतून किंवा कपाटातून नेलेली असेल तर हे पाहताच येत नाही. हल्लीच्या देखण्या स्वयंपाकघरात टाकी बंद कपाटात आणि नळी फळीच्या भोकातून, अशी रचना सर्रास असते. भोकाची धार दर धक्क्याला नळी घासते आणि गळलेला गॅस कपाटातच साठतो. फर्निचरवाल्याने कितीही आग्रह केला तरी हे करून घेऊ नये.

दिवाळीच्या फराळाला आणखी एक प्रकार घडतो. चकल्या-शंकरपाळी तळायला बसून बरं पडतं म्हणून शेगडी ओट्यावरून खाली जमिनीवर येते. टाकी तिथेच, नळी मात्र ताणलेली किंवा पिळलेली. एरवी शेगडी टाकीपेक्षा उंच असते, म्हणून सांध्यातून झिरपलेला गॅस ज्योतीच्या खालून निघून जातो. आता ज्योत थेट त्या थरातच आहे. शिवाय कढईतून उडालेलं कढत तेल नळीवर पडतं. मोठा घाणा काढायचाच असेल तर ओट्यावर उभं राहून काढावा. पाय दुखतात, ते खरं आहे.

गळतीचा वास आलाच तर बटण बंद, टोपी, दारं-खिडक्या उघड्या, आणि विजेच्या कोणत्याही बटणाला हात नाही. चालू दिवा बंद करण्यासाठीही नाही, एक्झॉस्ट पंखा लावण्यासाठीही नाही, कारण ठिणगी दोन्हींत पडते. घराबाहेर जाऊन मग फोन. एजन्सी रात्री उचलत नसेल तर १९०६ हा गॅसगळतीसाठीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

एजन्सीचा मेकॅनिक दर पाच वर्षांनी पैसे घेऊन सक्तीची तपासणी करतो, त्याची पावती जपून ठेवावी. अपघात झालाच तर कंपनीच्या विम्यासाठी नोंदणीकृत पत्ता आणि आयएसआय चिन्हाचं साहित्य पाहिलं जातं. नवी नळी बसवली की जुनी माळ्यावर जपून ठेवू नये. ती विळीने मधोमध कापून टाकावी, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी ती गणपतीतल्या जादा शेगडीला जोडतं.